‘मानधन देता येणार नाही’ हे वाक्य ईमेलमध्ये कुठे लिहावे?

प्रश्न: मी पुण्यात एका खासगी संस्थेत मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीसाठी 14 मिनिटांचा लघुपट करायचा आहे. गोष्ट औशातल्या एका शिलाईच्या दुकानात, भारनियमनाच्या रात्री घडते. एकूण बजेट 1,40,000 रुपये आहे आणि त्यातून सिनेमॅटोग्राफरला मानधन देणे शक्य नाही. ओळख नसलेल्या 23 जणांना ईमेल केले, दोनच उत्तरे आली, दोन्ही नकाराची. मी लिहिले होते: ‘सर, मी आपली खूप मोठी चाहती आहे. शूट दोनच रात्रींचे आहे, 58 शॉट्स आहेत, सगळे जण पॅशनने फ्री काम करत आहेत. आपण म्हणाल तो कॅमेरा भाड्याने आणू. फिल्म फेस्टिव्हलला जाईल, आपल्याला चांगले एक्सपोजर मिळेल. स्क्रिप्टची लिंक सोबत आहे.’ मानधन नाही हे सुरुवातीलाच सांगायचे की भेट झाल्यावर? आणि नेमके काय चुकते आहे?

उत्तर:

मानधन नाही ही गोष्ट विषयाच्या ओळीतच लिहावी आणि मजकुराच्या पहिल्या परिच्छेदात पुन्हा स्पष्ट करावी. भेटीपर्यंत ती राखून ठेवण्यात फायदा काहीच नाही. विद्यार्थ्याच्या ईमेलमध्ये पैशांचा उल्लेख नसला की वाचणारा ते नाहीत असेच धरून चालतो, आणि वर ‘हे सांगायचे टाळले’ अशी अढी मनात बसते. तुमचे 21 ईमेल मात्र त्यामुळे अनुत्तरित राहिले असे मला वाटत नाही. मी 18 वर्षे छायालेखन करतो आहे, असे ईमेल मला दर हंगामात येतात, आणि आजवर चार विद्यार्थ्यांचे लघुपट मी एक रुपयाही न घेता केले आहेत. बाकीच्यांना मी नकार दिला तो मानधन शून्य होते म्हणून नव्हे. त्या शून्याच्या पलीकडे माझ्या खिशातून, माझ्या तारखांतून आणि माझ्या नावावर आणखी काय जाणार आहे, याचा त्या ईमेलवरून पत्ता लागत नव्हता. तुमच्या मजकुरातही हीच अडचण आहे आणि ती दोन वाक्यांत दडलेली आहे.

पहिले वाक्य, ‘सगळे जण फ्री काम करत आहेत’. तुम्ही ते उत्साहाचे लक्षण म्हणून लिहिले असणार, पण छायालेखक ते वाचतो तेव्हा त्याला त्याचा गॅफर, म्हणजे दिवे सांभाळणाऱ्या माणसांचा प्रमुख, दिसतो. आम्ही एकटे येत नाही. रात्रीच्या दुकानातला प्रसंग चित्रित करायचा तर किमान एक गॅफर, दोन लाइटमन आणि एक फोकस पुलर लागतो, आणि ही माणसे बहुतेक वेळा आमच्या शब्दावर येतात. मी माझे मानधन सोडू शकतो, कारण लघुपट चांगला झाला तर त्यातील चित्रे माझ्या शोरीलमध्ये येतील आणि त्यावरून पुढचे काम मिळेल. लाइटमनची शोरील नसते. तो रोजावर जगतो, आणि दोन रात्री फुकट काम करणे म्हणजे त्याच्या घरात दोन दिवसांची कमाई न येणे. निर्मितीकडून त्याला पैसे मिळाले नाहीत तर एक तर ते मी माझ्या खिशातून देतो, नाही तर पुढच्या कामाला त्याला फोन करताना माझी मान खाली जाते. म्हणजे तुमचे ‘सगळे फ्री’ हे वाक्य प्रत्यक्षात ‘तुमच्या माणसांचा खर्च तुम्ही करा’ असे वाचले जाते. वाचकाला दिलासा देणारे वाक्य याच्या बरोबर उलट आहे: मानधन फक्त छायालेखकाला देता येत नाही, बाकी छायालेखन विभागातील प्रत्येकाला ठरलेला रोज मिळेल.

दुसरे वाक्य, ‘दोनच रात्री, 58 शॉट्स’. यातला ‘दोनच’ हा शब्द तुम्ही वेळ कमी मागत आहोत हे दाखवायला वापरला आहे, पण अनुभवी माणूस ईमेल वाचता वाचता मनात भागाकार करतो. बारा तासांच्या शिफ्टमधून पहिली मांडणी आणि जेवण मिळून दोन तास वजा केले की दहा तास, म्हणजे 600 मिनिटे उरतात. एका रात्रीत 29 शॉट्स घ्यायचे तर प्रत्येकाला जेमतेम 20 मिनिटे मिळतात, आणि त्यातच प्रकाश बदलणे, कलाकारांची तालीम, फोकसची खूण आणि तीन-चार टेक बसवायचे. एका दिव्यावर चालणाऱ्या प्रसंगात कॅमेऱ्याची बाजू बदलली की सगळी प्रकाशयोजना उलटी करावी लागते, त्यामुळे हे गणित बसणार नाही हे त्याला ताबडतोब कळते. दुसऱ्या रात्री पहाटे तीन वाजता निम्मे शॉट्स शिल्लक असताना दिग्दर्शक ‘सर, अजून एकच रात्र’ म्हणणार, हेही त्याला कळते. हेच 58 शॉट्स चार रात्रींवर पसरले तर रात्री 14-15 येतात, प्रत्येकाला सुमारे 40 मिनिटे मिळतात आणि ईमेल वाचणाऱ्याला वाटते की या मुलीने विचार केला आहे. फुकट काम करणारा माणूस चार प्रामाणिक रात्री देईल, पण दोनच्या चार होणार असल्याचा वास आलेल्या दोन देणार नाही.

आता चार रात्रींचे पैसे कुठून आणायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. उत्तर तुमच्याच ईमेलमध्ये आहे: ‘आपण म्हणाल तो कॅमेरा’. विद्यार्थ्यांना वाटते की महागड्या कॅमेऱ्याचे नाव हे आमच्यासाठी आमिष आहे. तसे नसते. ज्यांना तुम्ही लिहीत आहात ते एरवी त्याच कॅमेऱ्यांवर काम करतात. समजा तुमच्या 1,40,000 मधून 62,000 रुपये कॅमेरा आणि लेन्सच्या भाड्यासाठी बाजूला ठेवले आहेत. तुमच्या संस्थेत सोनीचा एफएक्स 6 किंवा त्या जातीचा कॅमेरा असेल, तर तोच घ्यावा. एफएक्स 6 ला 800 आणि 12,800 असे दोन मूळ आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याच्या संवेदनशीलतेचे दोन टप्पे, आहेत. दिव्याच्या उजेडात बसलेली शिंपीण दाखवायला यातला दुसरा आकडा तुमच्या कामाचा आहे, कारण त्यामुळे खूप मोठे दिवे आणि जनरेटर न आणताही प्रसंग उभा राहू शकतो. दोन-तीन बऱ्या प्राइम लेन्स भाड्याने घेऊन उरलेले पन्नास-एक हजार गॅफर, लाइटमन आणि फोकस पुलर यांच्या रोजावर आणि वाढलेल्या दोन रात्रींच्या राहण्याजेवणावर घातले, तर त्याच बजेटमध्ये तुमचा ईमेल पूर्ण वेगळा वाचला जातो.

मग तो कोणाला पाठवायचा, यावर थोडे थांबावे लागेल. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याचा पदविका-चित्रपट त्याच्याच तुकडीतील छायालेखनाचा विद्यार्थी करतो, कारण त्यालाही तो आपल्या पदविकेसाठी हवा असतो. तुमच्याकडे तो विभाग नाही म्हणून तुम्ही बाहेर विचारत आहात. पण बाहेरही तुम्हाला तशीच गरज असलेला माणूस शोधायचा आहे, आणि तो पोस्टरवर नाव असलेला छायालेखक क्वचितच असतो. ज्यांचे काम आवडले त्या चित्रपटाची शेवटची श्रेयनामावली थांबवून वाचा आणि त्यात ‘असोसिएट सिनेमॅटोग्राफर’, ‘ऑपरेटिव्ह कॅमेरामन’ आणि ‘फर्स्ट असिस्टंट’ ही नावे उतरवून घ्या. ही माणसे सहा-आठ वर्षे दुसऱ्याच्या प्रकाशात काम करून तयार झालेली असतात, पण ‘छायालेखन’ या एका शब्दापुढे स्वतःचे नाव असलेली, आपल्या मनासारखी केलेली गोष्ट त्यांच्याकडे कमी असते. तुमच्याकडे देण्यासारखी खरी वस्तू तीच आहे. 2017 साली सुरू झालेल्या इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्हच्या संकेतस्थळावर सदस्यांची कामे पाहता येतात. तुमची गोष्ट एका बाईच्या रात्रीची आहे म्हणून नव्हे, तर तिथे नवोदितांपासून ज्येष्ठांपर्यंत सर्व टप्प्यांवरच्या छायालेखिका एका जागी सापडतात म्हणून ते पाहावे. तेवीस जणांची यादी नको. सहा-सात नावे पुरेत, कारण खाली मी जो मजकूर देतो आहे त्यातील एक परिच्छेद प्रत्येकासाठी नव्याने लिहावा लागतो.

मी तुमच्या जागी असतो तर साधारण असे लिहिले असते. विषयाची ओळ: ‘लघुपट, 14 मिनिटे, औसा, डिसेंबरमध्ये 4 रात्री (मानधन नाही, बाकी खर्च आमचा)’.

‘नमस्कार सर,

मी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझ्या पदवीच्या लघुपटाचे छायालेखन आपण करावे, अशी विनंती करण्यासाठी लिहीत आहे. छायालेखकाला मानधन देणे आम्हाला शक्य नाही. गॅफर, दोन लाइटमन आणि फोकस पुलर यांच्या रोजाची तरतूद केलेली आहे, आणि ही माणसे आपण सुचवावीत.

‘…’ या चित्रपटात आपण असोसिएट होता. त्यातील पंपघरातल्या प्रसंगात म्हाताऱ्याचा चेहरा जवळजवळ पूर्ण अंधारात ठेवून फक्त हात दाखवले आहेत. आमच्या गोष्टीत एक शिंपीण भारनियमनाच्या रात्री चार्जिंगच्या एका दिव्यावर लग्नाचा ब्लाउज शिवते, आणि दिव्याची बॅटरी उतरत जाते तसतसा प्रकाश कमी होत जातो. 14 पैकी 11 मिनिटे तो एकच दिवा आहे. दुकानातल्या दिव्याची मी फोनवर चाचणी घेतली तेव्हा चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले. दिवा बदलावा की त्याच खोक्यात दुसरा बसवावा, आणि मंद होत जाणारा उजेड कसा दाखवावा, हे मला समजत नाही आणि तेच आपल्याशी बोलायचे आहे.

चित्रीकरण 6 ते 20 डिसेंबरच्या दरम्यान सलग 4 रात्री, सायंकाळी 5 ते पहाटे 5, एकूण 58 शॉट्स. त्याआधी रेकीसाठी एक दिवस लागेल. कॅमेरा संस्थेचा एफएक्स 6 आहे, लेन्स भाड्याने घेणार आहोत. मुंबईहून लातूर एक्स्प्रेसचे एसी थ्री टियरचे येण्याजाण्याचे तिकीट, लातुरात स्वतंत्र खोली आणि तिथून औशाला गाडी ही व्यवस्था आमची.

10 नोव्हेंबरपर्यंत तारखा कच्च्या धराव्यात. तोवर आपल्याला मानधनाचे काम आले तर आपण मोकळे आहात. त्या दिवशी दोघांनी मिळून पक्के करू.

श्रेयनामावलीत छायालेखन आपल्या नावे राहील, ग्रेडिंगला आपण असावे अशी इच्छा आहे, आणि शोरीलसाठी निवडक शॉट्स संकलन संपल्यावर 30 दिवसांत देण्यास संस्थेने लेखी मान्यता दिली आहे.

सोबत 14 पानांची संहिता आणि दुकानाचे, रात्री आठ वाजता दिवा लावून काढलेले दोन फोटो जोडले आहेत. आपल्याला हे जमण्यासारखे नसेल आणि आपल्या ओळखीचे कोणी स्वतःच्या नावे काम शोधत असेल, तर त्यांचे नाव कळवल्यास आभारी राहीन.’

त्याखाली नाव, फोन क्रमांक आणि संस्थेचे नाव. तीनशे शब्दांच्या आत हा मजकूर संपतो, आणि तो फोनवर दोन सेटअपच्या मध्ये, चहाचा कप हातात धरून वाचला जाणार आहे हे लक्षात ठेवावे.

यातला दुसरा परिच्छेद सर्वांत जास्त काम करतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. ‘मी आपली मोठी चाहती आहे’ या वाक्याने कोणाचे काहीच बिघडत नाही, पण ते कोणालाही लिहिता येते. एका विशिष्ट प्रसंगातल्या एका विशिष्ट निर्णयाचा उल्लेख केला की तुम्ही तो चित्रपट पाहिला आहे एवढेच नव्हे, तर तुम्हाला प्रकाश दिसतो हे कळते. असोसिएटच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी: प्रकाशयोजनेचा निर्णय मुख्य छायालेखकाचा असू शकतो, म्हणून ‘आपण केलेला प्रसंग’ असे न लिहिता ‘आपण असोसिएट होता त्या चित्रपटातील प्रसंग’ असे लिहावे. मग त्या काळ्या पट्ट्यांचा प्रश्न येतो. स्वस्त बॅटरीचे एलईडी दिवे अनेकदा प्रकाश सलग देत नाहीत, ते फार वेगाने उघडमीट करत असतात, आणि ती उघडमीट कॅमेऱ्याच्या शटरशी जुळली नाही की चित्रात पट्टे उमटतात. विजेच्या दिव्यांसाठी आपल्याकडचा 50 हर्ट्झचा हिशेब धरून सेकंदाला 25 चित्रे आणि एक पन्नासांश सेकंदाचे शटर ठेवले की बहुतेक वेळा निभावते, पण बॅटरीच्या दिव्याचा तो हिशेबच वेगळा असतो. त्यामुळे छायालेखक हे वाचताच मनात उत्तर शोधू लागतो: दिव्याच्या खोक्यात मंद करता येणारी, पट्टे न देणारी एलईडी पट्टी बसवायची, ती गॅफरच्या हातातील डिमरवर घ्यायची, आणि बॅटरी उतरल्याचा भास हाताने घडवायचा. तो उत्तर शोधू लागला म्हणजे तुमच्या लघुपटावर काम करू लागला. विनंतीला होकार मिळवण्याचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही. मात्र प्रश्न खरा हवा. माहीत असलेल्या उत्तराचा प्रश्न बनवून विचारला की ते लगेच उघडे पडते.

फोटोंचेही तसेच. मला येणाऱ्या ईमेलना बहुधा वीस-पंचवीस पानांचा मूडबोर्ड जोडलेला असतो, आणि त्यात जगभरच्या चित्रपटांतील तीच ती गाजलेली चित्रे असतात. त्यातून मला इतर छायालेखकांचे काम दिसते, तुमचे दुकान दिसत नाही. दुकान किती फूट आहे, छत पत्र्याचे आहे की स्लॅबचे, भिंतीला कोणता रंग आहे, मशीन दाराकडे तोंड करून आहे की भिंतीकडे, शटरसमोर रस्ता आहे की दुसऱ्याचे घर, हे त्या दोन साध्या फोटोंतून कळते. फिकट पिस्ता रंगाची भिंत असेल तर दिव्याचा उजेड सगळीकडे पसरून अंधार टिकवणे जड जाईल, हे मी फोटो पाहून सांगू शकतो आणि ‘त्या भिंतीवर कापडाचे तागे किंवा शिवलेले झगे टांगता येतील का?’ असे विचारू शकतो.

शॉट्स देण्याच्या वाक्याबद्दल मला स्वतःला बसलेला चटका सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेतील विद्यार्थ्याचा लघुपट विनामोबदला केला. तीन दिवसांचे पाच दिवस झाले, त्याचे मला काही वाटले नाही, कारण काम सुंदर झाले होते. शॉट्स मागितले तेव्हा मुलगा म्हणाला की हार्ड डिस्क संस्थेत जमा आहे, आणि संस्था म्हणाली की चित्रफितींवर हक्क तिचा असल्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला काही देता येणार नाही. मुलाने मला दिलेला शब्द खोटा नव्हता, पण तो देण्याचा अधिकार त्याला नव्हता. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरले जाते, छायालेखकाला नव्हे, आणि विद्यार्थ्यांच्या लघुपटांत निर्माता बऱ्याचदा संस्थाच असते. म्हणून ईमेल पाठवण्याआधी विभागप्रमुखांकडून एका ओळीची लेखी परवानगी घ्यावी आणि ती घेतली असल्याचे ईमेलमध्ये लिहावे. फेस्टिव्हलमध्ये पहिल्यांदा दाखवण्याआधी शॉट्स सार्वजनिक करू नयेत अशी तुमची अट असेल तर तीही आत्ताच सांगावी. त्याला कोणीही हरकत घेत नाही, हरकत असते ती नंतर कळण्याला. आणि एफएक्स 6 च्या फोर-के चित्रीकरणाला तासाला साधारण 110 ते 115 जीबी जागा लागते, म्हणजे चार रात्रींच्या सहा तासांच्या ऐवजाची एक जादा प्रत एका टीबीच्या डिस्कवर सहज मावते. ‘देता येत नाही’ याला तांत्रिक कारण उरत नाही. ‘एक्सपोजर’ हा शब्द मात्र काढून टाकावा. फेस्टिव्हलची निवड तुमच्या हातात नाही, तिचे आश्वासन देता येत नाही.

कच्च्या आणि पक्क्या तारखांचा परिच्छेद काही जणांना धोकादायक वाटतो, कारण आपणच समोरच्याला निसटायला वाट करून दिल्यासारखे होते. माझा अनुभव उलट आहे. मानधनाचे काम आले की विनामोबदला काम सोडावे लागते हे दोघांनाही माहीत असते, आणि ते बोलले गेले नाही तर छायालेखक चित्रीकरणाच्या चार दिवस आधी संकोचून फोन उचलणेच बंद करतो. तारीख नेमून दिली की तो त्या तारखेच्या आत स्पष्ट बोलतो, आणि तुमच्या हातात दुसरा माणूस शोधायला चार आठवडे राहतात. पक्के झाल्यावर जाण्याची वेळ आलीच, तर स्वतःच्या भरवशाचा पर्यायी छायालेखक त्याने द्यावा, एवढे मात्र 10 नोव्हेंबरला तोंडी ठरवून घ्यावे. पहिल्याच ईमेलमध्ये ते घातले तर कराराचा सूर लागतो.

पाठवण्याच्या पद्धतीतल्या दोन चुका इतक्या वेळा दिसतात की त्या सांगितल्याच पाहिजेत. तुम्ही संहितेची ड्राइव्हवरची लिंक दिली होती. ती उघडल्यावर वाचणाऱ्याला बहुधा `Request access` असे बटण दिसले असेल आणि त्याने फोन खिशात टाकला असेल. संहिता पीडीएफ करून थेट जोडावी, फाईलच्या नावात लघुपटाचे नाव आणि तुमचे आडनाव असावे, आणि पानांना क्रमांक असावेत. दुसरे म्हणजे एकच मजकूर सर्वांना पाठवताना नाव तेवढे चिकटवले जाते आणि ते वेगळ्या आकाराच्या अक्षरांत उमटते. ‘नमस्कार’ बारीक आणि पुढचे नाव ठळक दिसले की बाकीचा ईमेल कोणी वाचत नाही. आम्ही एकमेकांच्या ओळखीचे असतो, तोच ईमेल तुलाही आला का असे विचारतोही. भाषेचे म्हणाल तर सेटवर ज्या भाषेत बोलणार त्या भाषेत लिहावे. मराठी माणसाला मराठीत लिहिलेला साधा ईमेल कमीपणाचा वाटत नाही, आणि संहिता मराठीत असेल तर इंग्रजी ईमेल उलट परका वाटतो.

उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करावी, आणि तीत काही तरी नवे असावे: शिंपिणीच्या भूमिकेसाठी कलाकार ठरली, दुकानाच्या मालकाने चार रात्रींची परवानगी दिली, असे. त्यानंतर गप्प राहावे. व्हॉट्सॲपवर नंबर शोधून पाठलाग करू नये. कोणी ‘सध्या जमणार नाही’ एवढेच लिहिले तर आभाराचे एक वाक्य पाठवावे आणि कोणाचे नाव सुचवले असेल तर त्याच दिवशी त्या व्यक्तीला, सुचवणाऱ्याच्या परवानगीने त्याचा उल्लेख करून, हाच ईमेल दुसरा परिच्छेद नव्याने लिहून पाठवावा. मी केलेल्या चार लघुपटांपैकी दोन माझ्याकडे असेच आले होते. आणि ‘एकदा बोलू या’ असे उत्तर आले तर फोनवर पहिल्या पाच मिनिटांत तो तुम्हाला बहुधा एकच गोष्ट विचारेल, ती म्हणजे त्या 58 शॉट्सपैकी वेळ कमी पडला तर कोणते 15 तुम्ही सोडाल. त्या पंधरांवर पेन्सिलीने खूण केलेला कागद तेव्हा समोर असू द्या.